मुलाच्या हातातील मुखत्यारपत्र

२०२१ सालच्या मार्च महिन्याच्या ८ तारखेपासून जूनच्या १० तारखेपर्यंत, म्हणजे महामारीची दुसरी लाट आमच्या छत्तीसगडावरून जात असताना आणि मुलांचे खेळणे-शिकणे दोन्ही घरातल्या फोनवर येऊन ठेपले असताना, कांकेर जिल्ह्यातील पखांजूर या गावी एका सरकारी शाळेतील शिक्षिकेच्या बँक-खात्यातून ३ लाख २२ हजार रुपये निघून गेले, आणि जूनमध्ये ही गोष्ट ध्यानात येईपर्यंत त्या बाईंना तिचा मागमूसही नव्हता. कोणी भामट्याने खात्यावर हात मारला असावा अशा समजुतीने त्यांनी पोलीस ठाण्यात फिर्याद गुदरली. पैसे काढण्यासाठी लागणारा सांकेतिक क्रमांक, ज्याला आपण सर्वजण ओटीपी म्हणतो, तो आपल्याला कधी आलाच नाही, असेही त्यांनी सांगितल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. पोलिसांनी खात्याची छाननी केली तेव्हा निष्पन्न झाले ते असे की, त्या रकमा फ्री फायर नावाच्या खेळाकडे गेल्या होत्या, त्यांतून त्या खेळातील शस्त्रास्त्रे आणि बढत्या विकत घेतल्या गेल्या होत्या, आणि विकत घेणारा त्या बाईंचाच बारा वर्षांचा मुलगा होता. व्यवहारांची संख्या २७८ होती.

पखांजूर हे गडचिरोलीच्या सरहद्दीकडचे गाव, आणि आम्ही राहतो ती भिलाईतील हुडको वसाहत पोलाद कारखान्याच्या आधाराने वाढलेल्या शहरात. तरीही ही वार्ता येथे वाचली गेली तेव्हा कोणालाही ती दूरची वाटली नाही. याचे कारण उघड आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया या भागांतून नोकरीनिमित्त येऊन येथे स्थायिक झालेली जी मराठी घरे आमच्या आसपास आहेत, त्यांत वडील पाळीनुसार कामावर जातात, रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो, एप्रिल-मेच्या उन्हात मुलांना बाहेर सोडण्याची सोय नसते, आणि मग आईचा किंवा आजीचा फोन दुपारी मुलाच्या हातात जातो. तो फोन देताना देणाऱ्याच्या मनात जे असते ते एवढेच की मुलगा घटकाभर शांत बसेल. परंतु त्या फोनात वसलेल्या खात्याच्या द्वारे देणारा प्रत्यक्षात काय सुपूर्द करतो, हा प्रश्न मला या लेखात विचारात घ्यावयाचा आहे, कारण त्याचे उत्तर नीट समजल्याखेरीज पासवर्ड कोठे लावावा आणि संमतीची योजना कशी करावी या दोन्ही गोष्टी अर्धवटच राहतात.

प्रथम पखांजूरच्या आकड्यांकडेच थोडे लक्ष द्यावे, कारण त्यांतच रोगाचे स्वरूप दिसते. ३ लाख २२ हजारांना २७८ ने भागले असता प्रत्येक व्यवहारास सरासरी सुमारे १,१५८ रुपये येतात, आणि ८ मार्च ते १० जून हे ९५ दिवस धरले तर दिवसास जवळजवळ तीन व्यवहार पडतात. एकाच वेळी तीन लाखांची रक्कम खात्यातून गेली असती तर ती कोणाच्याही डोळ्यांत भरली असती. पण हजार-बाराशेची उचल, तीही किराणा, वीजबिल, रिचार्ज यांच्या नोंदींमध्ये मिसळलेली, पासबुक महिनोन्महिने न भरणाऱ्या खातेदारास दिसणे दुरापास्त असते. अशा खेळांची रचनाच या छोट्या उचलींवर उभी असते. खेळ फुकट मिळतो. आतले चलन, जे या खेळात हिऱ्यांच्या नावाने ओळखले जाते, ते मात्र खऱ्या रुपयांनी घ्यावे लागते, आणि मग त्या हिऱ्यांनी पोशाख, बंदुका आणि दर्जा मिळतो. रुपयांचे हिरे आणि हिऱ्यांची बंदूक या दोन पायऱ्यांमध्ये खर्चाची जाणीव बोथट होते. बारा वर्षांच्या मुलाला आपण हिरे खर्चितो आहोत एवढेच दिसते, आणि त्याला यासाठी लबाड ठरविणे मला अन्यायाचे वाटते.

या सवयीला पहिला अटकाव म्हणजे पासवर्ड, आणि पासवर्डाचा इतिहास पाहिला तर तो अटकाव किती काळ आणि कोणत्या मर्यादेत टिकतो हे कळते. ॲपलच्या दुकानात खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची पद्धत प्रारंभीच होती. परंतु एकदा तो दिला की पुढील पंधरा मिनिटे दुकान पुन्हा विचारत नसे, आणि त्या पंधरा मिनिटांत मूल कितीही खरेदी करू शके. आई एखादी लहानशी खरेदी करून देण्यासाठी पासवर्ड घालून फोन मुलाकडे परत देई, तिला वाटे आपण एका वस्तूस रुकार दिला, आणि प्रत्यक्षात तिने पाव तासाचे दार सताड उघडे टाकलेले असे. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने या प्रकारांबाबत ॲपलवर कारवाई केली, तेव्हा एका मातेची तक्रार अशी होती की तिच्या मुलीने ‘टॅप पेट हॉटेल’ या एकाच खेळात २,६०० डॉलर उडवले. जानेवारी २०१४ मध्ये झालेल्या तडजोडीत ॲपलने पालकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. गूगलचा प्रकार त्याहून ढिला होता: २०११ साली खेळांच्या आत खरेदीची सोय सुरू झाली तेव्हा पासवर्डच मागितला जात नसे, आणि पुढे तो मागू लागल्यावरही खिडकी अर्ध्या तासाची होती. २०१४ च्याच सप्टेंबरात गूगलनेही किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याची तडजोड केली. ॲमेझॉनचे प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. तिन्ही प्रकरणांत आयोगाचे म्हणणे मुळात एकच होते: ज्याच्या पैशाने खरेदी होते त्याची त्या विशिष्ट खरेदीस, तिची किंमत जाणून दिलेली, स्पष्ट संमती असली पाहिजे. संमतीची ही व्याख्या मला फार मोलाची वाटते, आणि पुढील सर्व व्यवस्था तिच्या कसोटीवर तपासावी असे मी सुचवितो.

ती अर्ध्या तासाची खिडकी आजही अँड्रॉइड फोनांवर शिल्लक आहे, आणि ती मिटविणे प्रत्येक घराच्या हाती आहे. प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट ठेवले की ‘Settings’ मध्ये खरेदीच्या पडताळणीचा विषय सापडतो. नव्या फोनांवर त्याचे नाव ‘Purchase verification’ असे असते, जुन्यांवर ‘Require authentication for purchases’ असे. तेथे तीन पर्याय मिळतात. एकात प्रत्येक खरेदीस पासवर्ड मागितला जातो, दुसऱ्यात अर्ध्या तासातून एकदा, तिसऱ्यात कधीच नाही. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनावर पहिलाच पर्याय असावा, आणि हा बदल करताना दुकान स्वतःच खात्याचा पासवर्ड विचारते, त्यामुळे मुलाला तो परस्पर उलटा फिरविता येत नाही. येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते: ही निवड त्या एका फोनापुरतीच लागू असते. वडिलांनी आपल्या फोनावर ती केली आणि तेच खाते घरातील टॅबलेटवरही चालू असले, तर टॅबलेटवर ती पुन्हा स्वतंत्रपणे करावी लागते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून जाहीर केलेल्या ॲपमध्ये दुकान आपणहून प्रत्येक वेळी पडताळणी मागते, हे खरे. पण ज्या खेळांत मुले खरोखर पैसे घालतात ते बहुतेक त्या वर्गात नसतात, म्हणून या सवलतीवर विसंबू नये.

आता पासवर्ड कोठे गळतो ते पाहू, कारण कुलूप बसविल्यावर निश्चिंत झालेल्या घरातच नुकसान अधिक होते. सर्वांत मोठी गळती बोटाच्या ठशातून होते. पुष्कळ फोनांवर पडताळणी पासवर्डाऐवजी ठशाने करण्याची सोय असते, आणि दुकान पाहते ते एवढेच की हा ठसा या फोनात नोंदलेला आहे की नाही. तो कोणाचा आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांत, सारखे सारखे ‘आई, फोन उघडून दे’ असे ऐकावे लागू नये म्हणून, मुलाचेही बोट आईच्या फोनात नोंदवून ठेवलेले असते. ज्या क्षणी ते नोंदले गेले त्या क्षणी ते आईच्या पैशांवरही नोंदले गेले, हे कोणी लक्षात घेत नाही. तेव्हा फोनाच्या नोंदीत किती ठसे आहेत ते उघडून पाहावे, मुलाचा असेल तो काढावा, किंवा खरेदीपुरती ठशाची सोय बंद करून पासवर्डच ठेवावा. दुसरी गळती मुलाच्या नजरेतून होते. आठ वर्षांचे मूल आईची बोटे कोणत्या अक्षरांवरून फिरली हे दोन-तीनदा पाहून पाठ करते. याला नवा पासवर्ड आणि तो मूल जवळ नसताना घालण्याची शिस्त, याखेरीज औषध नाही.

कुलूप खरेच लागले की नाही हे पारखण्याची एक रीत आहे. खेळातील सर्वांत स्वस्त जिन्नस स्वतः विकत घ्यावा, पासवर्ड घालून व्यवहार पुरा करावा, आणि लगेच, त्याच बैठकीत, दुसऱ्या जिन्नसावर बोट ठेवून किंमत दाखविणाऱ्या पानावरील खरेदीचे बटण दाबावे. पुन्हा पासवर्ड मागितला गेला तर खिडकी मिटलेली आहे असे समजून तेथूनच माघारी यावे. काहीही न विचारता खरेदी झाली तर ती उघडी आहे. पहिल्या खरेदीत दोन्ही अवस्था सारख्याच दिसतात, म्हणून एकदाच पाहून समाधान मानणाऱ्याची फसगत होते.

इतके केल्यावरही एक मूलभूत उणीव राहते, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे. आईच्या फोनात आईचे खाते असते, त्यावर आईचे कार्ड किंवा यूपीआय जोडलेले असते, आणि तो फोन हातात घेणारा कोणीही त्या दुकानाच्या दृष्टीने आईच असतो. मुलाला असा फोन देणे म्हणजे त्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र लिहून देण्यासारखे आहे. मुखत्याराने केलेली उचल धन्याचीच मानली जाते, आणि मागाहून ‘ती मी केली नाही’ असे म्हणण्यास जागा उरत नाही. पासवर्ड या मुखत्यारपत्रावर शिक्का बसवितो, पण ते रद्द करीत नाही. शिवाय ओटीपी येतो तोही त्याच फोनावर, म्हणजे ज्याला अडवायचे त्याच्याच हाती, आणि संदेश वाचून पुसून टाकणे मुलांना कठीण नसते. रद्द करण्याचा मार्ग एकच: मुलाचे खाते वेगळे असावे, त्यावर पैशाचे कोणतेही साधन नसावे, आणि खरेदीचा निर्णय त्या फोनावर न होता दुसऱ्याच्या फोनावर व्हावा.

ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी बसवितात ते एका घराच्या उदाहरणाने सांगतो. समजा, हुडकोतील एका कुटुंबात वडिलांनी नवा फोन घेतला आणि जुना फोन दहा वर्षांच्या मुलीला द्यावयाचा ठरविला. नेहमीचा शिरस्ता असा की जुन्या फोनातली छायाचित्रे काढून घ्यायची आणि तो जसाच्या तसा सोपवायचा. वडिलांचे खाते त्यात राहते, कारण ते काढले तर खेळ आणि ॲप नव्याने घालावे लागतील अशी धास्ती असते. येथेच पहिली दक्षता घ्यावी लागते. आपल्याला लागणारे सर्व उतरवून घेतल्यावर तो फोन कारखान्यातून आला होता तशा कोऱ्या स्थितीत न्यावा, म्हणजे वडिलांचे खाते, त्यातील जतन केलेली कार्डे, पैशाची ॲप्स आणि नोंदलेले ठसे हे सर्व एकदम निघून जाते. नंतर फोन सुरू करताना मुलीच्या नावे, तिची खरी जन्मतारीख देऊन, गूगलचे खाते उघडावे. जन्मतारीख खरीच द्यावी. भारतात तेरा वर्षांखालील मुलाचे खाते पालकाच्या खात्याशी जोडल्याशिवाय उघडत नाही, आणि ही जोडणीच आपल्याला हवी आहे. घाईघाईने वय वाढवून सांगितले की खाते सुटे उघडते आणि संमतीची सोय आपोआप लागण्याचे राहून जाते. जी घरे या योजनेत अयशस्वी होतात त्यांतील बरीच या एका खोट्या जन्मसालामुळे होतात, असे माझे निरीक्षण आहे.

वडिलांच्या किंवा आईच्या फोनात फॅमिली लिंक नावाचे गूगलचे ॲप घालावे. त्यात मुलीच्या नावावर जाऊन ‘Controls’ या भागात गूगल प्लेचा विषय उघडला की कोणत्या गोष्टींना पालकाची मंजुरी लागेल हे ठरविता येते. पर्याय चार आहेत: सर्व जिन्नसांना मंजुरी, फक्त पैसे देऊन घ्यावयाच्या जिन्नसांना, फक्त ॲपच्या आतील खरेदीला, आणि कशालाच नाही. मंजुरी लागू केल्यावर मुलीने दुकानात खरेदीचे बटण दाबले की तिच्या फोनावर व्यवहार थांबतो आणि ती पालकाकडे विनंती धाडू शकते. ती विनंती जिन्नस काय आहे हे दाखवून पालकाच्या फोनावर येते, आणि पालक तेथूनच होकार किंवा नकार देतो. पालक जवळच असेल तर मुलीच्या फोनावर आपला पासवर्ड घालूनही मंजुरी देता येते, पण हा मार्ग मी टाळावा असे म्हणेन, कारण तो पासवर्ड पुन्हा मुलाच्या नजरेसमोर येतो आणि आपण जेथून निघालो तेथेच परत पोहोचतो.

चारांतला कोणता पर्याय निवडावा याविषयी मतभेद होऊ शकतो. सर्व जिन्नसांना मंजुरी ही सर्वांत कडक वाटते, आणि लहान मुलांच्या बाबतीत मी तीच पसंत करीन, कारण हानीचा आरंभ फुकट खेळ फोनात येण्यापासून होतो, आणि तो खेळ येतानाच आईने एकदा पाहिला तर पुढचे बरेच टळते. परंतु तिच्यात एक धोका आहे. दिवसातून दहा विनंत्या येऊ लागल्या, त्यांतल्या नऊ चित्रे रंगविण्याच्या आणि गणिताच्या निरुपद्रवी ॲपच्या असल्या, तर रात्रपाळीवरून आलेला बाप दहावीही न वाचताच मंजूर करतो, आणि दहावीच कदाचित हिऱ्यांची असते. बारा-तेरा वर्षांच्या, थोड्या समंजस मुलासाठी म्हणून पैशाच्या जिन्नसांपुरती मंजुरी ठेवणे अधिक शहाणपणाचे होय. मग विनंती क्वचित येते आणि आली की वाचली जाते. मंजुरीची योजना ज्याच्या लक्षावर उभी आहे त्याच्या लक्षाची मर्यादा ओळखणे हा तिचाच भाग आहे.

घरात ॲपलचा फोन असेल तर हीच गोष्ट फॅमिली शेअरिंगमधील ‘Ask to Buy’ या नावाने २०१४ पासून मिळते, आणि तेरा वर्षांखालील मुलाच्या खात्यावर ती आपोआप चालू असते. शिवाय ‘Screen Time’ मध्ये ॲपच्या आतील खरेदी सर्वस्वी बंद करण्याचीही सोय आहे, आणि ज्या घरांना अशी खरेदी कधीच करावयाची नाही त्यांनी ती अवश्य वापरावी.

मंजुरीची सत्ता कोठे संपते, हेही स्पष्ट समजून घेतले पाहिजे. पूर्वी घेतलेला जिन्नस पुन्हा उतरवून घेणे आणि जुन्या ॲपची नवी आवृत्ती येणे यांना ती लागू पडत नाही. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मंजूर केलेल्या खेळात आज नवे दुकान उघडले तरी पालकाला त्याची वर्दी मिळेलच असे नाही. मासिक वर्गणीच्या बाबतीत होकार एकदाच मागितला जातो आणि वसुली मात्र दरमहा चालते. येथे रिझर्व्ह बँकेच्या नियमाचा आधार आहे: स्वयंचलित वसुलीपूर्वी किमान चोवीस तास खातेदारास सूचना मिळालीच पाहिजे, आणि ही सूचना आली की ती वाचून, नको असेल ती वर्गणी रद्द करावी. पण सर्वांत मोठी सीमा ही की, प्ले स्टोअरची मंजुरी प्ले स्टोअरच्या स्वतःच्या वसुली-पद्धतीतून होणाऱ्या खरेदीलाच लागते. खेळातील चलन खेळ चालविणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवरून आणि त्रयस्थांच्या दुकानांतूनही विकले जाते; मुलगा आपला खेळातील क्रमांक तेथे देतो, पैसे दुसऱ्याच फोनावरून जातात, आणि हिरे त्याच्या खेळात येऊन पडतात. या वाटेवर फॅमिली लिंक पहारा करीत नाही. ॲपलच्या बाबतीत, एखादा जिन्नस मिळविण्यासाठी दिलेला सांकेतिक क्रमांक वापरताना ‘Ask to Buy’ पालकाला विचारीतच नाही.

म्हणून दुकानातील कुलपाच्या जोडीला पैशाच्या उगमावर दुसरे कुलूप हवे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशानुसार, जो ऑक्टोबर २०२० पासून अमलात आला, प्रत्येक खातेदाराला आपल्या कार्डावरील ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतंत्रपणे चालू-बंद करण्याची आणि त्यांस मर्यादा घालण्याची सोय बँकेच्या ॲपमधून मिळते. परदेशी व्यवहार बंद ठेवणे विशेष अगत्याचे आहे, कारण आपल्या देशातील व्यापाऱ्याकडे ऑनलाइन खरेदी करताना कार्डास जी दुसरी पडताळणी लागते, ती परदेशी व्यापारी मागेलच असे नसते. पखांजूरच्या बाईंना ओटीपी का आला नाही याचे नेमके कारण मी सांगणार नाही. पण बाराशे रुपयांच्या उचलींवर दिवसास पाचशेची मर्यादा असती, तर तशी पहिलीच उचल अडली असती. त्याबरोबरच, लहानातल्या लहान रकमेचीही सूचना ज्या क्रमांकावर येते तो क्रमांक मुलाच्या हातातल्या फोनाचा नसावा. फ्री फायर या खेळावर भारत सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली, पण नावे बदलून तशाच रचनेचे खेळ येत राहतात, आणि बंदीच्या भरवशावर कार्ड उघडे ठेवणे योग्य नव्हे.

इतके करूनही पैसे गेले, तर पुढील क्रम वेळेचा आहे. प्ले स्टोअरच्या खरेदीची पावती खात्याच्या ईमेलवर येते. तीत व्यवहाराचा क्रमांक असतो, आणि तक्रारीत तोच लागतो. खरेदीस ४८ तास झाले नसतील तर परताव्याची मागणी प्ले स्टोअरकडेच करावी. त्यानंतर ती खेळाच्या निर्मात्याकडे करावी लागते. घरातील कोणी नव्हे तर अनोळखी माणसाने व्यवहार केला असेल तर गूगलकडे १२० दिवसांपर्यंत कळविता येते. ॲपलसाठी reportaproblem.apple.com हे पान आहे. बँकेकडे जाताना एक भेद लक्षात ठेवावा: जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने त्रयस्थाच्या अफरातफरीची वर्दी तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर खातेदाराची जबाबदारी शून्य ठरते, परंतु खातेदाराच्याच निष्काळजीपणामुळे नुकसान झाले असेल तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याने सोसावयाचे आहे. मुलाने आईच्या फोनावरून केलेली खरेदी कोणत्या बाजूस पडेल याबद्दल फारशी आशा बाळगू नये. तरीही बँकेला तत्काळ कळवून कार्ड थांबवावे, कारण कळविल्यानंतरच्या उचलीचा भार खातेदारावर राहत नाही. आणि १९३० या सायबर-गुन्ह्यांच्या क्रमांकावर फिर्याद देण्यापूर्वी, खात्याचा उतारा समोर ठेवून, प्रत्येक रकमेपुढे कोणाचे नाव छापले आहे ते घरातल्या घरात वाचून काढावे. ते नाव एखाद्या खेळाचे किंवा ॲपच्या दुकानाचे असेल, तर मुलाला जवळ बसवून शांतपणे विचारणे हा तपासाचा पहिला टप्पा ठरतो, आणि त्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची गरज पडत नाही.